एकराला किती बंडल?

"शेठ, एक एकर टोमॅटोला मल्चिंग पेपर किती लागंल?"

"अंतर किती?"

"पाच फूट."

"मग न्या सहा-सात बंडल."

नारायणगाव असो की पिंपळगाव बसवंत, लागवडीच्या दिवसांत खता-बियाण्यांच्या दुकानात हा संवाद सारखा ऐकू येतो. दुकानदार काही चुकीचं सांगत नसतो. दोन बेडमधलं अंतर विचारून त्याने अर्धा हिशेब उरकलेला असतो. पण 'सहा' आणि 'सात' यांच्यामध्ये चारशे मीटर प्लास्टिक असतं, आणि ते कमी पडलं तर त्याची खबर शेवटच्या दोन बेडवर पोचल्यावरच लागते. तेव्हा मजूर रानात असतात, रोपं ट्रेमध्ये तयार असतात आणि दुकान दूर असतं. राहिलेला अर्धा हिशेब टेप हातात घेऊन घरच्या घरी करता येतो. त्याला पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त लागत नाहीत.

ज्यांचा शेतीशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. भाजीपाल्याचे उंच गादीवाफे, म्हणजे आताच्या बोलीत 'बेड', तयार करून त्यांवर प्लास्टिकचा पातळ पेपर ताणून बसवतात. वरची बाजू चंदेरी आणि खालची काळी असलेला पेपर सगळ्यांत जास्त चालतो. काळ्या बाजूमुळे खाली उजेड जात नाही आणि तण वाढत नाही. चंदेरी बाजू ऊन परतवते आणि मावा, फुलकिडे यांनाही थोडं दूर ठेवते. पेपरखाली ठिबकची नळी असते, त्यामुळे दिलेलं पाणी उडून जात नाही. आपल्याकडे सर्रास मिळणारं बंडल चार फुटी, म्हणजे १.२ मीटर रुंदीचं, ४०० मीटर लांबीचं आणि २५ किंवा ३० मायक्रॉन जाडीचं असतं.

बंडलाची लांबी मोजण्याआधी रुंदी तपासावी लागते, आणि बहुतेकांचं नेमकं इथेच दुर्लक्ष होतं. चार फुटी पेपर चार फुटी बेड झाकत नाही. तो बेडचा माथा झाकतो, मग दोन्ही बगला उतरतो आणि उरेल तेवढा दोन्हीकडे मातीत जातो. मातीत जाणारा भाग दिसत नाही, म्हणून तो हिशेबातही धरला जात नाही. खरं तर पेपर चार-सहा महिने जागेवर राहतो तो याच भागाच्या जोरावर. प्रत्येक बाजूला पंधरा सेंटिमीटर, म्हणजे साधारण अर्धा फूट कड गाडली गेली तर पकड चांगली बसते. दहा सेंटिमीटर ही खालची हद्द समजावी. त्याखाली गेलात तर पेपर पुढे वाऱ्याच्या मर्जीवर.

आता एक बेड घेऊ. माथा ५० सेंटिमीटर, म्हणजे पावणेदोन फुटांच्या आत-बाहेर, आणि उंची १६ सेंटिमीटर. बगला सरळ उभ्या नसतात, त्या तिरप्या उतरतात. बगल तळापर्यंत उतरताना १२ सेंटिमीटर बाहेर सरकली तर तिची तिरपी लांबी भरते २० सेंटिमीटर. शाळेत शिकलेला ३-४-५ चा काटकोन त्रिकोण इथे चौपट होऊन उपयोगी पडतो. मग पेपर लागतो किती? माथ्याचे ५०, दोन बगलांचे ४० आणि दोन कडांचे ३०, एकूण १२०. चार फुटी पेपर या बेडला तंतोतंत बसतो.

हाच बेड थोडा बदलून पाहा. माथा ६० सेंटिमीटर आणि उंची २० केली, बगल १५ सेंटिमीटर बाहेर सरकली, तर तिची लांबी २५ होते. माथा आणि दोन बगला मिळूनच ११० झाले. मातीत गाडायला एकेका बाजूला राहिले पाच सेंटिमीटर. बांधावरून पाहिलं तर हे दोन्ही बेड सारखेच वाटतात, ट्रॅक्टरवाल्याने बेडमेकर जरासा खोल लावला एवढाच काय तो फरक. पण पहिल्या बेडवरचा पेपर हंगामभर टिकेल आणि दुसऱ्यावरचा पहिल्या वावटळीत सुटेल.

रोपांच्या ओळींचा संबंध येतो तो इथेच. टोमॅटोची एकच ओळ बेडच्या मधोमध लावायची असेल तर ५० सेंटिमीटरचा माथा भरपूर झाला. मिरची किंवा ढोबळीच्या दोन ओळी नागमोडी लावायच्या असतील तर दोन ओळींत ४५ सेंटिमीटर तरी हवेत. शिवाय रोप अगदी कडेला नको, नाहीतर भोक पाडताना पेपर बगलेपर्यंत फाटतो. त्यासाठी दोन्हीकडे बारा-बारा सेंटिमीटर सोडले की माथा सत्तरच्या घरात जातो. सत्तरमध्ये बगलांचे चाळीस आणि कडांचे तीस मिळवा, १४० सेंटिमीटर झाले. चार फुटी पेपरला हे झेपणारं नाही. मग एकतर जास्त रुंदीचा पेपर मागवायचा, नाहीतर बेडची उंची कमी करायची. पावसाळी मिरचीला बेड बुटका केला तर पाणी मुळाशी साचतं, तेव्हा तिथे मी रुंद पेपरच घेईन. उन्हाळी पिकाला मात्र बुटका बेड चालून जातो. तिसरा उपाय शेतावर सर्रास दिसतो: पेपर तळापर्यंत न नेता बगलेच्या मध्यावरच माती ओढून दाबायचा. भारी जमिनीत तो काही दिवस टिकतोही, पण बगलेवरची माती पाण्याने घसरली की कड उघडी पडते.

खरं सांगायचं तर त्रिकोण काढत बसायचीही गरज नाही. बेड तयार झाल्यावर ठिबक सोडून एकदा भिजवा आणि माती बसू द्या, कारण ताजा बेड भिजल्यावर थोडा खाली बसतो आणि त्याआधी ताणलेला पेपर नंतर ढिला पडतो. मग एका बगलेच्या पायथ्याला टेपचं टोक धरून, माथ्यावरून ती पलीकडच्या पायथ्यापर्यंत ताणा. टेप खळग्यांत दाबायची नाही, कारण पेपरही खळग्यात शिरत नाही, तो वरून सरळ जातो. रानाच्या तीन-चार ठिकाणी असं माप घ्या आणि त्यातलं सगळ्यांत मोठं धरा, सरासरी नको. त्यात तीस सेंटिमीटर मिळवले की पेपरची रुंदी मिळाली. ती १२० च्या आत असेल तर चार फुटी पेपर आणायला हरकत नाही.

पंधरा सेंटिमीटर हा आकडाही सगळ्या जमिनींना सारखा लागू नाही. मुरमाड, हलक्या रानात माती सुटी असते, ती पेपर घट्ट धरून ठेवत नाही. तिथे दोन-तीन सेंटिमीटर जास्तच गाडावे. काळ्या रानाचं दुखणं वेगळं. ओली असताना ती माती पेपरला चिकटून बसते, पण वाळली की भेगाळते आणि नेमकी पेपरच्या कडेलगत फट पडते. शिवाय नांगरटीची ढेकळं तशीच राहिली असतील तर कडेवर माती पडूनही आत पोकळी राहते. अशा रानात लांबी वाढवण्यापेक्षा कड पायाने दाबत जाणारा माणूस यंत्रामागे ठेवलेला बरा.

कड नीट गाडली गेली आहे की नाही हे दुसऱ्या दिवशी दुपारच्या वाऱ्यात कळतं. चांगला बसलेला पेपर मातीला चिकटून गप्प असतो. कच्चा बसलेला पेपर मध्येच फुगतो, बसतो, परत फुगतो आणि फडफड आवाज करतो. हे दिसतं त्याहून वाईट असतं. पेपर वर-खाली झाला की त्याखालची तापलेली हवा भोकातून फुंकल्यासारखी बाहेर पडते आणि कोवळ्या रोपाच्या देठाला लागते. भोकाची कड देठावर घासते ते वेगळंच. लागवडीनंतर रोपं जमिनीलगत चिमटल्यासारखी होऊन आडवी पडू लागली की लोक आधी मर रोगाचं औषध शोधतात. मर असेलही. पण फवारा घेण्याआधी त्या बेडची कड हाताने उकरून मातीत किती गेली आहे ते पाहावं. भोक रोपावरून सरकून रोप पेपरखाली गेलेलं दिसलं तर दोष बहुतेक वेळा कडेचाच.

आता लांबी. यासाठी एक पूर्ण रान घेऊ, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. १९८ फूट रुंद आणि २२० फूट लांब रान बरोबर एक एकर भरतं, चाळीस गुंठे. त्यात पाच फुटांवर टोमॅटोचे बेड काढायचे आहेत. पाच फूट म्हणजे एका बेडच्या मध्यापासून पुढच्या बेडच्या मध्यापर्यंत, त्यात सरीही आली. काही जण सरी वेगळी सांगतात, बेड वेगळा सांगतात आणि मग दोघांची बेरीज करायची राहून जाते, म्हणून मध्यापासून मध्यापर्यंत मोजण्याची सवय बरी.

बेड लांबीच्या दिशेने काढले. दोन्ही टोकांना ट्रॅक्टर वळायला आठ-आठ फूट सोडले, म्हणजे बेडची लांबी राहिली २०४ फूट, मीटरमध्ये ६२.२. दोन्ही बांधांकडे चार-चार फूट सोडले तर रुंदी उरली १९० फूट. तिला पाचने भागलं की बेड आले ३८.

अडतीस गुणिले ६२.२ करून थांबलात तर २३६४ मीटर येतात. सहा बंडलांचे २४०० होतात, म्हणजे सहा बंडलं पुरून थोडा पेपर उरेलसं वाटतं. पण बेडची टोकं विसरून चालत नाही. बेडच्या दोन्ही टोकांनाही उतार असतो आणि तिथेही पेपर गाडावा लागतो. टोकावर ताण जास्त असतो, म्हणून तिथे पंधरा सेंटिमीटर पुरत नाहीत, एक फूट तरी हवा. वीस सेंटिमीटर उतार आणि तीस सेंटिमीटर मातीत, असे एका टोकाला अर्धा मीटर. दोन टोकं मिळून एक मीटर. एका बेडला ६३.२ मीटर झाले.

त्यावर थोडी सूट धरायची असते. प्लास्टिक तापलं की पसरतं आणि गार झालं की आक्रसतं. पॉलिथिनचं हे पसरणं दर अंशाला लांबीच्या साधारण पाच हजाराव्या भागाइतकं असतं. पहाटेच्या आणि भर दुपारच्या पेपरच्या तापमानात पंचवीस अंशांचा फरक पडला तर शंभर मीटरमागे अर्धा मीटर हलतो. म्हणून ऐन उन्हात तापलेला पेपर खेचून बसवू नये. तो रात्री आक्रसतो आणि सगळा ताण टोकांवर आणि भोकांवर येतो. सकाळी किंवा उतरत्या उन्हात, सुरकुत्या पडणार नाहीत पण तारेसारखा ताठही होणार नाही अशा बेताने अंथरावा. या आक्रसण्यासाठी आणि थोड्या वाकड्यातिकड्या बेडसाठी शंभरामागे एक मीटर धरला की एका बेडला ६३.८ मीटर लागतात.

अडतीस बेडला झाले २४२४ मीटर. बंडल संपतं ते बेडच्या अधेमधेच, तिथे नवीन बंडलाचा पेपर जुन्यावर दोन फूट चढवून त्यावर आडवी माती टाकतात. सहा बंडलांत असे पाच जोड येतात, त्यांचे तीन मीटर. बेरीज २४२७. सहा बंडलांत आहेत २४००. कमी पडतात २७ मीटर.

या सत्तावीस मीटरचं काय होतं ते पाहण्यासारखं आहे. अडतीस बेडची टोकं शहात्तर. सत्तावीसला शहात्तरने भागा, दर टोकाला येतात पस्तीस सेंटिमीटर, म्हणजे टोकाला गाडण्यासाठी धरलेला सगळा पेपर आणि वर थोडा. बंडल सरत आलं की मजूर नकळत नेमकी तिथेच काटकसर करतात. पेपर टोकापाशी कापायचा, वर दोन ढेकळं ठेवायची, बेड झाकलेला दिसतो. सहा बंडलांत एकर 'बसला' असं सांगितलं जातं तेव्हा अनेकदा तो असाच बसलेला असतो.

सातवं बंडल आणावं का? सत्तावीस मीटरसाठी चारशे मीटर घेणं जिवावर येतं, आणि दुकानदार बंडल तोडून देत नाही. मार्ग दोन आहेत. एक बेड कमी करायचा, म्हणजे सदतीस बेड. त्यात गरज भागते आणि छत्तीस मीटर उरतात. दुसरा मार्ग म्हणजे टोकांना आठाऐवजी दहा-दहा फूट सोडायचे. प्रत्येक बेड चार फुटांनी आखूड झाला, अडतीस बेडमध्ये सेहेचाळीस मीटर वाचले, आणि सहा बंडलांत काम होऊन एकोणीस मीटर हातात राहिले. झाडांचा हिशेब केला तर दीड फुटावर एक रोप धरून पहिल्या मार्गात एकशे छत्तीस रोपं जातात, दुसऱ्यात साधारण शंभर. मला दुसरा बरा वाटतो. ट्रॅक्टरला वळायला जागा मिळते आणि टोकाचे बेड चाकाखाली येत नाहीत. तोडणीच्या वेळी क्रेट ठेवायलाही ती जागा लागतेच. मात्र हा निर्णय बेड काढण्याआधी घ्यायचा असतो. बेड निघाल्यावर हिशेब करायला बसलात तर सातवं बंडल आणण्यावाचून इलाज नाही. आणलंच तर उरलेलं सावलीत, उंदरांपासून लांब ठेवा. उन्हात पडलेलं बंडल पुढच्या हंगामात कडक होऊन फाटतं.

दुकानदाराच्या तोंडी जो आकडा असतो तो कुठून येतो तेही सांगायला हवं. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्याला बेडच्या अंतराने भागलं की गुंठ्यात किती फूट बेड बसतो ते कळतं. पाच फुटांवर २१८ फूट, म्हणजे सुमारे ६६ मीटर. चार फुटांवर ८३ आणि सहा फुटांवर ५५. चाळीस गुंठ्यांना पाच फुटांवर २६५० मीटरच्या आसपास, म्हणून 'सहा-सात'. हा ठोकताळा वाईट नाही, पण तो बांधापासून बांधापर्यंत बेडच धरतो. त्यात ट्रॅक्टरच्या वळणाची जागा नाही आणि टोकाला गाडलेला पेपरही नाही. मोठ्या सलग रानात या दोन चुका एकमेकींना थोड्याफार खाऊन टाकतात. आपल्या उदाहरणात तो फार चुकत नाही.

तुकड्याच्या रानात मात्र तो पार फसतो. तोच एकर डोंगरउतारावर चार पायऱ्यांत विभागला असेल आणि बेड दोनशे चार फुटांऐवजी पन्नास-एकावन्न फुटांचे होत असतील, तर एका लांब बेडच्या जागी चार छोटे बेड येतात. टोकं दोनऐवजी आठ. प्रत्येक ओळीला तीन मीटर जास्त आणि अडतीस ओळींना ११४ मीटर जास्त, तेही बेडची एकूण लांबी तेवढीच असताना. लांब बेडमध्ये टोकांवर शंभरातला दीड-पावणेदोन मीटर जातो, पंधरा मीटरच्या बेडमध्ये सहा-साडेसहा. कोकणात घराच्या अंगणालगत सात-आठ मीटरचे वाफे करून मिरची-वांगी लावतात, तिथे हाच आकडा बारा-चौदावर जातो. म्हणून रान तुकड्यांचं असेल तर बेड नेहमी लांब बाजूनेच काढावे. फक्त उतार पाहून, कारण उताराला सरळ खाली जाणारे बेड पावसाळ्यात सऱ्यांमधून माती वाहून नेतात. पेपर वाचवायला माती घालवण्यात शहाणपण नाही.

आता बंडलाकडे वळू, कारण हा सगळा हिशेब बंडलात खरोखर चारशे मीटर आहेत असं धरून केला. बंडल उलगडून कोणी मोजत नाही. पण ते तोलता येतं. बंडल सुरू केलं की पहिला एक मीटर तुकडा बरोबर कापायचा, घडी घालायची आणि किराणा दुकानातल्या छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवायचा. चार फुटी, २५ मायक्रॉनचा एक मीटर साधारण २८ ग्रॅम भरतो. ३० मायक्रॉनचा ३३ ग्रॅमच्या आसपास. तीस म्हणून घेतलेला तुकडा सत्तावीस-अठ्ठावीस ग्रॅम भरला तर जाडी कुठे गेली ते विचारायला हरकत नाही.

लांबीही त्याच तुकड्यावरून निघते. बंडलाचं वजन करायचं आणि त्यातून आतल्या पुठ्ठ्याच्या नळीचं वजन वजा करायचं. रिकामी नळी आधीच्या बंडलाची घरात पडलेली असतेच. उरलेल्या वजनाला एका मीटरच्या वजनाने भागलं की मीटर मिळाले. समजा नळी वजा करून बंडल साडेदहा किलो भरलं आणि मीटरचा तुकडा अठ्ठावीस ग्रॅम, तर बंडलात ३७५ मीटर आहेत. चारशेचं बंडल बरोबर असेल तर तेच वजन सव्वाअकराच्या जवळ जायला हवं. एका बंडलात पंचवीस मीटर कमी हे फारसं वाटत नाही, पण सहा बंडलांत ते दीडशे होतात आणि आपल्या रानातले दोन बेड उघडे राहतात. पहिलं बंडल फोडण्याआधीच सगळी बंडलं तोलली तर ती एकसारखी भरतात का हेही कळतं. एखादंच किलोभर हलकं निघालं तर दुकानदार ते बदलून देतो. अर्धं अंथरल्यावर कोणी देत नाही.

आणखी एक खर्च या हिशेबात लपलेला आहे. १२० सेंटिमीटर रुंदीतले तीस सेंटिमीटर मातीत जातात, म्हणजे घेतलेल्या पेपरचा चौथा भाग. आपल्या एकरात तो सातशे चौरस मीटरच्या वर जातो. पीक संपल्यावर माथ्यावरचा पेपर हाताने ओढला की निघतो, पण कड मातीत अडकते आणि ओढाताणीत कडेच्या रेषेवरच फाटते. पंचवीस मायक्रॉनचा पेपर उन्हात काही महिने काढल्यावर तर चिंध्याच होतो. हे तुकडे पुढच्या नांगरटीत रानभर पसरतात. एकाच हंगामाचं पीक असेल तर मी मीटरमागे चार-पाच ग्रॅम जास्त देऊन तीस मायक्रॉन घेईन, अंथरताना सोय म्हणून नव्हे, काढताना सोय म्हणून.

कड काढायची असेल तेव्हा रान वाळू देऊ नये. ठिबक आधी गुंडाळून घ्यायची. सऱ्यांना हलकं पाणी द्यायचं, दुसऱ्या दिवशी वाफसा आला की बेडच्या पायथ्याची माती फावड्याने एका बाजूला सरकवायची आणि मग दोघांनी दोन्ही कडा एकाच वेळी धरून पेपर माथ्याकडे उचलत जायचं. माथ्यावरून आधी ओढला की कड मागे राहते. पंधराच्या जागी वीस-पंचवीस सेंटिमीटर गाडलेला पेपर या वेळी सगळ्यांत जास्त त्रास देतो. वाऱ्याच्या भीतीने 'जितका जास्त तितका चांगला' म्हणून कड खोल घालणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घेतलेलं बरं.